सांडलं असेल

आमच्या लॅबमध्ये एक वाक्य फार सोयीचं होतं. "सांडलं असेल." वीर्यतपासणीसाठी आलेल्या माणसाच्या डबीत तळ ओला होण्यापुरतंच काही असलं की मीच काय, कुठलाही टेक्निशियन हेच म्हणतो. बिचाऱ्याला संडासाएवढ्या खोलीत कोंडलेलं असतं, दाराची कडी धड लागत नाही, बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या बाया खोकत बसलेल्या असतात. हात थरथरतो, अर्धं डबीत, अर्धं फरशीवर. असल्या माणसाला फार प्रश्न विचारायचे नसतात. पुन्हा या म्हणायचं आणि पुढची डबी उचलायची. नागपुरातल्या लकडगंजच्या त्या लॅबमध्ये मी हे इतकी वर्षं केलं की स्वतःवर वेळ आली तेव्हाही माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नाही.

तेव्हा आम्ही शहराच्या टोकाला, वाडीला राहायचो. खाली एका ट्रान्सपोर्टवाल्याचं गोदाम, वर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लॅब पहाटेच उघडायची, त्यामुळे मी जेवायला घरी यायचो तो दिवसभराचा मोकळाच होऊन. बायको शाळेत शिकवायची आणि उन्हाळ्यात तिची शाळा सकाळची. म्हणजे नवराबायको म्हणून आमच्या वाट्याला जी काही वेळ यायची ती दुपारची. नागपूरची उन्हाळ्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. रस्ता असा रिकामा होतो की गावातली माणसं कुठे नेऊन ठेवली असं वाटावं. हमाल ट्रकखाली निजलेले असायचे, तेही हलायचे नाहीत. खोलीत कूलरचा आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास, बाकी काही नाही.

अशाच एका दुपारी ते पहिल्यांदा आलं. मी त्याला "ते" म्हणतो, कारण बराच काळ मला दुसरा शब्द सापडला नाही. स्खलन होतानाच आत खोल, अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत, कोणीतरी मूठ आवळली. आवळली आणि धरून ठेवली. मग कळ पुढे लिंगाच्या टोकापर्यंत गेली, खाली दोन्ही अंडांत उतरली, आणि मी उशीत तोंड खुपसून पडून राहिलो. थोड्या वेळाने मूठ सैल झाली. संध्याकाळपर्यंत तिथे एक जडपणा राहिला, वजन बांधल्यासारखा. बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, पायात गोळा आला.

पायातला गोळा दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. मग पायाचं नाव घेण्यात अर्थ उरला नाही.

वेदनेपेक्षा वाईट होतं तिची वाट पाहणं. लघवीला जळजळ नाही, ताप नाही, एरवी चालताबोलता काही नाही. मी धडधाकट माणूस होतो, स्कूटरवर अमरावती रोडच्या ट्रकांमधून वाट काढत रोज ये-जा करणारा. आणि दुपारी त्या खोलीत, बायकोला जवळ घेतलं की मला कळायचं, ते निघालंय. जिना चढून कोणी येत असावं आणि आपण पायऱ्या ऐकत पडून राहावं, तसं. सुख जितकं जवळ येई तितकं तेही जवळ येई. शेवटी शेवटी मी सुखाकडे पाहीनासाच झालो, माझे कान दुसरीकडेच असायचे. खोलीत आपण दोघंच आहोत यावरचा माझा विश्वास त्या उन्हाळ्यात उडाला. भर उजेडात, पडद्यातून उन्हाच्या तिरिपी आत येत असताना मी कोपऱ्यांकडे पाहायचो. हसू येईल कोणाला. मला नाही येत.

बायको आधी माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायची. मग तिने पाहणं सोडलं. आटोपलं की ती लगेच उठायची, साडी गुंडाळत स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, माझं कण्हणं थांबेपर्यंत. भांडं नाही वाजवायची, नळ नाही सोडायची. नुसती उभी. तिची ती पाठ मला पलंगावरून दिसायची, आणि खरं सांगतो, मला त्या पाठीची भीती वाटायला लागली होती.

आमच्या धंद्यातल्या माणसाला डॉक्टरकडे जायची लाज वाटते. रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट हाताळून एक खोटा रुबाब अंगात येतो, आपल्यालाही कळतं असा. एक दिवस जेवायला घरी न जाता मी लॅबमध्येच थांबलो, आणि दुपारी सामसूम झाल्यावर स्वतःच एक डबी घेऊन त्याच कडी न लागणाऱ्या खोलीत गेलो. तिथेही ते आलं. भिंतीला डोकं टेकवून मी उभा राहिलो, ओठ दातांत धरून, आणि डबीत पाहिलं तर अगदी थोडंसं. पातळ. मी स्वतःशी म्हणालो, सांडलं असेल, एवढ्या कळेत हात कुठे ठिकाणावर राहतो. स्लाइडवर थोडे शुक्रजंतू होते, मरगळलेले, आणि बऱ्याच गोल पेशी. गोल पेशी म्हणजे पू, पू म्हणजे प्रोस्टेटची सूज. झालं निदान. त्या गोल पेशी खरंच पूच्या आहेत की नाही हे पाहायला वेगळा रंग द्यावा लागतो, मला ते ठाऊक होतं. जंतू कोणता आहे हे कल्चरवरून कळतं, हेही ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी ऐटीत सांगितलं असतं. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणलं आणि चार घास खाऊन गिळायला सुरुवात केली.

गंमत अशी की बरं वाटलं. मूठ आली, पण सैल आली. मी बायकोसाठी संत्र्याची बर्फी घेऊन घरी गेलो. त्या आठवड्यात ती दोनदा हसली. प्रोस्टेटच्या जुन्या सुजेला कित्येक आठवडे औषध लागतं, तेवढा दम मला कुठला. बरं वाटताच गोळ्या बंद केल्या. पावसाळा संपता संपता ते परत आलं, आणि आता घाईत नव्हतं. जास्त वेळ थांबायला लागलं.

आम्ही एकमेकांना टाळायला लागलो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि मूल नसलेल्या घरात माणसं विचारपूस करायला येतातच. माझी मावशी यायची. मायाळू बाई, पण तोंडाला लगाम नाही. तिला आमचं दुखणं माहीत नव्हतं, माहीत होतं ते एवढंच की पाळणा हलत नाही आणि मी खंगत चाललोय. आणि तिला आणखी एक गोष्ट माहीत होती. माझ्या बायकोचं आधी एक लग्न ठरलं होतं, कळमेश्वरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मुलाशी, आणि हळदीच्या आधीच तो मुलगा अपघातात गेला होता. हे लपवलेलं नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एका दुपारी मी घरी आलो तर बायको कपाळाला राखाडी फासून बसलेली. मावशी तिला कुठल्याशा बाहेरचं पाहणाऱ्या जाणकाराकडे घेऊन गेली होती.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं. आवाज चढलाच होता माझा.

"काही नाही म्हणाला जी. माह्याकडे पाह्यलं अन् म्हणे, तुमच्या दोघांच्या मधात कोणीतरी बसून आहे."

"अन् पैसे किती घेतले?"

"नाही घेतले. तेच तं."

मी भडकलो. मावशीला फोन करून नको ते बोललो, बी.एससी. झालेली बाई अशा माणसासमोर बसते म्हणून बायकोलाही बोललो. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुम्ही ओरडून राहिले, पण तुमच्या अंगावर काटा आला ना, मले दिसून राहिला." आणि तो आला होता. हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत निजायला लागली. मग एकदा तिने बॅग काढली. शाळेला सुट्ट्या होत्या, माहेरी जाते म्हणाली. पण हिवाळ्याच्या चार दिवसांसाठी कोणी उन्हाळ्याच्या साड्या भरत नाही.

"परत कधी येशील वं?" मी विचारलं.

"तुमचं दुखणं थांबलं की."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुमालेबी समजते. मी जवळ आली की दुखते, नाही आली की नाही दुखत. मी गेली की थांबेल. त्या पोरालेबी मीच..." आणि ती थांबली. तिचं तोंड इतकं शांत होतं की मला धडकी भरली. रडली असती तर मला काही करता आलं असतं.

मग मी सांगितलं. लॅबमधली डबी, ती खोली, भिंतीला टेकवलेलं डोकं, सगळं. लाजेने माझे कान तापले होते, पण मला वाटलं, आता पुरावाच दिला. ती तिथे नव्हती. ती तेव्हा वाडीला मुलांच्या वह्या तपासत होती आणि मी लकडगंजला कण्हत होतो. मग ती कारण कशी?

तिने सगळं ऐकलं आणि साधा प्रश्न विचारला. "तेव्हा तुमच्या मनात कोण होतं?"

मी खिडकीचा पडदा नीट ओढला.

"मीच होती ना?"

"हो."

"मग?" ती म्हणाली. "मी नव्हती तरी मी होतीच तिथं."

खाली गोदामात कोणीतरी शटर ओढलं, तो आवाज संपेपर्यंत आम्ही दोघं बॅगेकडे पाहत राहिलो. मी फक्त एवढं म्हणालो की दोन दिवस थांब, मी नीट तपासून घेतो. ती थांबली, पण बॅग उघडली नाही. बॅग तशीच भिंतीशी उभी राहिली आणि मी तिच्याकडे न पाहता ये-जा करत राहिलो. घर तुटायला भांडण लागतं असं मला वाटायचं. आमचं तर आवाज न करताच चाललं होतं.

मी पुन्हा डबी घेतली. या वेळी इतक्या सांभाळून की एक थेंब बाहेर गेला नाही हे मी शपथेवर सांगू शकलो असतो. तरीही तेवढंच, किंबहुना कमी. पाण्यासारखं. वीर्य बाहेर पडल्यावर आधी गोठल्यासारखं घट्ट होतं आणि मग हळूहळू पातळ होतं. हे घट्ट झालंच नाही. मी स्लाइड लावली आणि डोळा टेकवला.

मायक्रोस्कोपखाली रिकामी जागा मी आधीही पाहिली होती. पण आपलीच रिकामी जागा पाहणं वेगळं. मी स्लाइड सरकवत गेलो, डावीकडे, उजवीकडे, खाली. उजळ, स्वच्छ, गोल मैदान, आणि त्यात कोणी नाही. एखाद्या गावात जावं आणि सगळी दारं उघडी असावीत, चुली थंड असाव्यात, हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, असं काहीसं मला झालं. माझ्या पोटात जे कोणी राहत होतं तेच त्या गावातली माणसं नेत होतं, असं क्षणभर मला खरंच वाटलं. मी डोळा काढू शकत नव्हतो.

"कोणाचं आहे?" मागून मॅडमचा आवाज आला. आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट, साठीच्या बाई, पायांचा आवाज न करता चालायच्या. मी दचकून उठलो, त्यांनी वाकून डोळा टेकवला आणि बराच वेळ पाहिलं.

"एक पेशंट आहे," मी म्हणालो.

"व्हॉल्यूम?"

"अगदीच थोडं. सांडलं असेल."

"मग फ्रुक्टोज लाव."

"मॅडम, सॅम्पलच सांडलंय तर..."

"सांडलं तरी जे उरलं त्यात फ्रुक्टोज राहतंच ना. सगळी साखर वेचून सांडत नाही कोणी." त्या एवढं बोलून आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

वीर्यातलं बरंचसं पाणी आणि त्यातली फ्रुक्टोज नावाची साखर वीर्यकोशांतून येते. प्रोस्टेटच्या मागे दोन बाजूंना त्या दोन पिशव्या असतात. पिशवीची वाट उघडी असेल तर साखर बाहेर येणारच, थोडी का होईना. मी दोन नळ्या घेतल्या. एकीत सकाळी आलेल्या कोण्या माणसाचं चांगलं वीर्य, दुसरीत माझं. दोन्हीत तपासणीचं रसायन घातलं आणि उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. त्या अनोळखी माणसाची नळी नारंगी झाली, मग लालसर. माझी नळी पाण्यात उभी होती. मी वाट पाहिली. मग हवं त्यापेक्षा जास्त वाट पाहिली. ती पाण्यासारखी होती तशीच राहिली.

मागे मॅडम उठून आल्या होत्या. त्यांनी नळीकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुला दुखतं का रे?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, हातमोजे घातलेल्या हातांनी डोळेही पुसता येईनात. त्यांनी युरॉलॉजिस्टचं नाव सांगितलं, फोन केला, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "बायकोला घेऊन जा. एकटा जाऊ नकोस."

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हाही बायको माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली होती. डॉक्टर माझ्याच वयाचा असेल, कमी बोलणारा. दुखतं कुठे, किती वेळ, लघवीला त्रास आहे का, कधी हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, पूर्वी गुप्तरोगाचा संसर्ग झाला होता का, झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या चालू आहेत का. काही गोळ्यांनीही असं दुखतं, तो म्हणाला. मी मेडिकलवाल्याचं अँटिबायोटिक सांगितलं तेव्हा त्याने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "लॅबमध्येच आहात ना तुम्ही?" मी खाली पाहिलं.

मग आतल्या खोलीत त्याने गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट तपासली. सुजलेली प्रोस्टेट दाबली की माणूस ओरडतो. मला दुखलं, पण ओरडण्याइतकं नाही. "सूज थोडी असेल, नाकारत नाही," तो म्हणाला. "पण नुसत्या सुजेने साखर गायब होत नाही. लघवीचं कल्चर करू. आणि आतून सोनोग्राफी."

त्या सोनोग्राफीचं वर्णन मी लांबवत नाही. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडायचं आणि यंत्राची दांडी आत जाऊ द्यायची. खोली अंधारी केलेली, बाहेर भर दुपार. पडद्यावर राखाडी धुकं हलत होतं. मी मान वळवून पाहत होतो, आणि धुक्यातून एकदम ते दिसलं. काळं. गोल, कडा स्वच्छ, आत काहीच नाही. त्याच्या दोन बाजूंना दोन फुगलेल्या पिशव्या, पंख पसरल्यासारख्या. इतके दिवस ज्याच्या पायऱ्या मी ऐकत होतो ते तिथे बसलं होतं आणि मला ते पाहता येत होतं.

"बाईंना आत बोलवा," डॉक्टर म्हणाला.

ती दाराशी येऊन उभी राहिली. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. ही प्रोस्टेट. आणि ही गाठ, पाण्याची. बरोबर मधोमध."

बायकोने दाराची चौकट धरली. मधात कोणीतरी बसून आहे, हे तिच्या कानात वाजलं असणार, माझ्या तर वाजलंच. त्या क्षणी मला स्वतःचाच राग आला, कारण माझी सगळी विद्या एका राखाडी फासणाऱ्या माणसापुढे गुडघे टेकायला निघाली होती.

डॉक्टरला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपल्या सुरात सांगत होता. दोन्ही बाजूंच्या वीर्यनलिका प्रोस्टेटमधून येऊन लघवीच्या मार्गात उघडतात, आणि ही गाठ नेमकी त्यांच्या मध्ये, दोघींना दाबून. आधी थोडी वाट असेल, म्हणून पूर्वी शुक्रजंतू दिसले. मग ती फुगत गेली. स्खलनाच्या वेळेला आतलं सगळं जोराने पुढे ढकललं जातं आणि पुढे दार बंद. म्हणून ती कळ. मागे माल तुंबतो, म्हणून हे वीर्यकोश फुगलेत. बाहेर येतं ते फक्त प्रोस्टेटचं पाणी.

"ही गाठ कशानं होते?" बायकोने विचारलं. आमच्या लग्नानंतर तिचा इतका लहान आवाज मी ऐकला नव्हता.

"होत नाही. असते. ही जागा आईच्या पोटात असतानाच तयार होते, शरीर घडताना एक उरलेला कोपरा. पुष्कळांना असते, कळतही नाही. यांची वाढली."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून?"

"लग्नाच्या?" डॉक्टर पहिल्यांदाच हसला. "बाई, यांना नावसुद्धा ठेवलं नव्हतं तेव्हापासून."

कुशीवर वळलेल्या, पँट खाली केलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर, एका परक्या माणसासमोर तिने हात ठेवला. किती महिन्यांनी तिचा हात मला लागला होता ते मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटून घेतले, पडद्याकडे पाहायची गरज उरली नाही.

ऑपरेशन लघवीच्या मार्गातूनच झालं, बाहेर टाका नाही. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. गाठीचं छप्पर कापायचं आणि नलिकांची तोंडं मोकळी करायची, एवढंच काम, पण डॉक्टरने आधीच सगळं बजावलं होतं. वाट पुन्हा बुजू शकते. लघवी उलटी त्या वाटेने आत जाऊ शकते. वीर्य मागे मूत्राशयात जाऊ शकतं. दुखणं जाईलच आणि मूल होईलच असं लिहून मागू नका. मी कमरेखाली मेलेला आणि वर जागा, असा पडून होतो, आणि त्याचा आवाज ऐकला: "आलं बघा." दुधी पाणी जोरात आलं, असं त्याने मला नंतर सांगितलं. मला काहीच कळलं नाही. एक दिवस लघवीची नळी होती, ती निघाली, घरी आलो. त्याने सांगितलेले आठवडे आम्ही दूर राहिलो. तिची बॅग कधीतरी रिकामी झाली होती, साड्या कपाटात गेल्या होत्या, मी ते पाहिलंही नव्हतं.

मग ती दुपार आली. फेब्रुवारी संपत आलेला, ऊन नुकतं चढायला लागलेलं, कूलर अजून बाहेर काढला नव्हता, त्यामुळे खोलीत आवाज म्हणून काही नव्हता. आम्ही दोघंही नव्या माणसांसारखे संकोचलेलो. मी सवयीने पायऱ्या ऐकत होतो. सगळं अंग आकसून, दात आवळून मी वाट पाहत होतो. आणि कोणी आलं नाही. मी आणखी वाट पाहिली. कोणी नाही. आत एक मोकळी, ओळखीची नसलेली शांतता पसरली आणि इतके महिने ताणून धरलेलं अंग एकदम सुटलं. मी बायकोला सांगणार होतो. पण ती सवयीने उठून स्वयंपाकघरात गेली होती, आणि सांगायला तोंड उघडायच्या आत मला झोप लागली.

जाग आली ती नाकाखाली काहीतरी हलल्याने. डोळे उघडले तर ती माझ्यावर वाकलेली होती, केस सुटलेले, चेहरा पांढराफटक, आणि तिची दोन बोटं माझ्या नाकपुड्यांशी. श्वास चालतो का ते पाहत होती. ओट्याशी माझ्याकडे पाठ करून ती माझ्या कण्हण्याची वाट पाहत उभी राहिली होती. ते आलं नाही. किती वेळ आलं नाही तरी तिची मागे वळायची हिंमत झाली नव्हती.

"काय वं?" मी म्हणालो.

तिने मला खांद्यावर मारलं. जोरात मारलं. "बोलत काहून नाही जी तुम्ही?" ती ओरडली, आणि मारता मारताच माझ्या छातीवर कोसळून रडायला लागली. "काही आवाजच नाही. मले वाटलं गेले. मले वाटलं, हेबी गेले."

"दुखलंच नाही," मी म्हणालो. "काय आवाज करू?"

ती रडायची थांबेना. तिचं सगळं वजन माझ्यावर होतं, आणि मला कुठेच दुखत नव्हतं.